रद्द झालेल्या प्रोजेक्टचा मेसेज: तोच सुधारायचा की नव्याने लिहायचा?

प्रोजेक्ट बंद झाल्याची बातमी टीमला द्यायची असते आणि टीम लीडने घाईत चार ओळी टाईप केलेल्या असतात. पाठवण्याआधी तो कुणाला तरी दाखवतो: "जरा नीट करून दे." नीट करायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे आहे त्याच मेसेजची ओळीमागून ओळ दुरुस्ती. दुसरा म्हणजे तो मेसेज बाजूला ठेवून आधी माहिती गोळा करणं आणि मग कोरी चिठ्ठी लिहिणं. मी दोन्ही तऱ्हांनी लिहिलं आहे. आता बहुतेक वेळा दुसरी पद्धत धरतो, पण पहिलीलाही तिची जागा आहे.

समोर एक नमुना ठेवू. सात जणांची टीम, नऊ आठवडे पुरवठादारांच्या नोंदणीच्या पोर्टलवर काम करते आहे. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला ग्रुपवर जाणारा मसुदा असा:

"मंडळी, एक बॅड न्यूज. व्हेंडर पोर्टल तूर्तास बंद. वरून निर्णय आलाय, आपल्या हातात काही नाही. तसंही बग खूप होते त्यात. टेन्शन नका घेऊ, जॉब सगळ्यांचे सेफ आहेत. सोमवारी बोलू."

दुरुस्तीच्या पद्धतीने याचं साधारण असं होतं:

"नमस्कार. कळवण्यास खेद होतो की व्हेंडर पोर्टल प्रकल्प तूर्तास थांबवण्यात आला आहे. हा निर्णय वरिष्ठ पातळीवर घेण्यात आला आहे. प्रकल्पात काही तांत्रिक त्रुटी होत्या, हेही खरे आहे. मात्र कोणाच्याही नोकरीवर याचा परिणाम होणार नाही. सोमवारी सविस्तर चर्चा करू."

वरवर पाहता सुधारणा झाली. दहा मिनिटांत काम झालं, भाषा सभ्य झाली, ढिलेपणा गेला. पण दोन्ही मसुदे शेजारी ठेवून वाचले की लक्षात येतं, माहितीत तसूभरही भर पडलेली नाही. मूळ मेसेजमध्ये जे नव्हतं ते दुरुस्त मेसेजमध्येही नाही: आजपासून काम थांबवायचं का, निर्णय कुणाचा, लिहिलेल्या कोडचं काय. दुरुस्ती करणाऱ्याची नजर लिहिलेल्या शब्दांवरच फिरते, न लिहिलेल्या गोष्टी तिला दिसत नाहीत.

तरीही एवढ्यावर मी पद्धत बदलली नसती. सुटलेलं आठवून भरता येतं. मला खरा त्रास झाला तो "जॉब सेफ" या दोन शब्दांचा.

चॅटवर "टेन्शन नका घेऊ, जॉब सेफ आहेत" ही पाठीवरची थाप असते. वाचणाराही ती तेवढीच धरतो. तेच वाक्य "कोणाच्याही नोकरीवर परिणाम होणार नाही" असं झालं की ते लेखी वचन होतं. ते देण्याचा अधिकार टीम लीडला बहुधा नसतो, आणि त्याने मनुष्यबळ विभागाला विचारलेलंही नसतं. भाषा नीट करताना आपण नकळत त्या अंदाजाला शिक्का मारून देतो. दोन महिन्यांनी एकाचा जरी करार वाढला नाही, तरी लोक तो मेसेज शोधून काढतात, आणि त्यानंतर लीडच्या कुठल्याच लेखी शब्दाला वजन राहत नाही. बगच्या वाक्याचंही तसंच. मूळ मेसेजमध्ये ती ओशाळलेपणाने मारलेली बडबड होती. दुरुस्तीत तिचं "तांत्रिक त्रुटी" झालं आणि ते प्रोजेक्ट बंद होण्याचं कारण वाटू लागलं. ज्या दोघी चाचणीचं काम करत होत्या, त्यांनी नऊ आठवडे नोंदवलेले बग हे त्यांचं काम होतं. आता तेच त्यांच्या माथी बसलं.

सभ्य भाषा प्रत्येक वाक्याचं वजन वाढवते, खरं असो वा नसो. दुरुस्तीच्या पद्धतीत हे थांबवणारी एकही पायरी नाही, असं मला तरी आढळलं आहे.

दुसऱ्या पद्धतीत ती पायरी सुरुवातीलाच येते. मसुदा उघडण्याआधी एका कागदावर सहा प्रश्न लिहायचे. काय बंद होतंय आणि कुठल्या दिवसापासून? निर्णय कुणी घेतला? सांगता येईल असं कारण काय? केलेल्या कामाचं काय होणार? माणसांचं काय ठरलं आणि काय अजून ठरायचं आहे? पुढची खबर कधी आणि कोण देणार? प्रत्येक उत्तरापुढे ते कुणाकडून कळलं हे लिहायचं. ज्याच्यापुढे नाव येत नाही, तो अंदाज. तो चिठ्ठीत जात नाही, किंवा "हे अजून ठरलेलं नाही" म्हणून जातो. नोकरीबद्दल मनुष्यबळ विभागाला प्रश्न नेमका विचारावा: "हे वाक्य मी लेखी देऊ का?" नुसतं "काही धोका नाही ना?" विचारलं तर उत्तरही थापेसारखंच मिळतं.

आपल्या नमुन्यात असं कळतं की निर्णय ऑपरेशन्सच्या प्रमुखांचा आहे, आणि पुरवठादारांची नोंदणी यापुढे मूळ कंपनीच्या तयार प्रणालीतून व्हायची आहे. जीएसटी क्रमांक तपासणारा भाग बिलिंगची टीम घेणार आहे. चौघांचं पुढचं काम ठरलंय, तिघांचं नाही. मग सोमवारी सकाळी जाणारी चिठ्ठी अशी होते:

"मंडळी, व्हेंडर पोर्टल बंद झालं आहे. आजपासून त्यावरचं काम आपण थांबवत आहोत, आणि ते पुन्हा सुरू होणार नाही.

निर्णय ऑपरेशन्सच्या प्रमुखांनी गुरुवारी घेतला. नोंदणी यापुढे मूळ कंपनीच्या प्रणालीतून होणार आहे आणि दोन प्रणाली चालवायच्या नाहीत, हे कारण आहे. आपल्या कामाचा दर्जा हे कारण नाही. हे मी त्यांना विचारून लिहितो आहे.

जीएसटी तपासणीचा भाग बिलिंगची टीम वापरणार आहे. बाकीचा कोड रिपॉझिटरीत राहील, पण वापरात येणार नाही. बुधवारपर्यंत प्रत्येकाने आपली ब्रँच पुश करावी आणि काम कुठे थांबलं ते पाच ओळींत लिहून ठेवावं. नवं काही हाती घेऊ नये.

चौघांचं पुढचं काम ठरलं आहे, तिघांचं अजून नाही. सातही जणांशी मी सकाळी स्वतंत्र बोललो आहे. तिघांबद्दल गुरुवारी सांगेन. तोवर ठरलं नाही तर तसं सांगेन.

आज अकरा वाजता अर्धा तास भेटू. जे ग्रुपवर विचारायचं नसेल ते मला फोनवर विचारा."

यात "खेद" नाही, "दुर्दैवाने" नाही, तरी चिठ्ठी कोरडी वाटत नाही, कारण माणसांची नेमकी दखल त्यात आहे. "करण्यात आला आहे" हा प्रयोग मी मुद्दाम टाळतो. मराठीत तो निर्णय घेणाऱ्याला इतका सफाईने गायब करतो की वाचणारा कर्ता शोधू लागतो आणि हाताशी असलेल्या लीडलाच धरतो. "तूर्तास" हा शब्द त्याहून घातक. प्रोजेक्ट खरोखर स्थगित असेल आणि पुन्हा विचार करायची तारीख ठरली असेल तरच तो वापरावा. नाहीतर कुणीतरी आशेने ब्रँच जिवंत ठेवतो आणि रात्री बसून काम करत राहतो.

दर्जाबद्दलचं वाक्यही खरं असेल तरच लिहावं. काम खरोखर मागे पडलं म्हणून प्रोजेक्ट बंद झाला असेल तर तेच कारण माणसांवर न घालता लिहावं: "मार्चची तारीख गाठता येणार नाही हे दिसल्यावर." आणि कारण गोपनीय असेल तर "कारणाचा एक भाग मला सांगता येत नाही" एवढं पुरतं. बनवलेलं कारण आठवड्याभरात उघडं पडतं, कारण दुसऱ्या विभागातल्या कुणाला तरी खरं माहीत असतंच.

मोठ्या कंपनीचं जाहीर उदाहरण हवं असेल तर गूगलने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्टेडिया ही गेमिंग सेवा बंद करत असल्याचं दिलेलं निवेदन पाहावं. अपेक्षेइतके वापरकर्ते मिळाले नाहीत हे कारण त्यात सरळ दिलं होतं. खेळणाऱ्यांना १८ जानेवारी २०२३ पर्यंत सेवा मिळेल ही तारीख होती, पैसे परत देण्याची तजवीज होती आणि टीममधले बरेच जण कंपनीत इतरत्र काम करतील हेही होतं. मला त्यात एकच खटकतं: सुरुवात कंपनी गेमिंगमध्ये काय काय करते याने होते, निर्णय त्यानंतर येतो. ग्राहकांसाठी हे चालून जात असेल. पण बातमीची कुणकुण लागलेली टीम अशी प्रस्तावना वाचत नाही, ती "बंद" हा शब्द शोधत खाली सरकते.

दुसऱ्या पद्धतीचे तोटेही आहेत. लिहायला अर्धा तास लागतो, पण उत्तरं मिळायला अर्धा दिवस जातो. शुक्रवारी संध्याकाळी फोन कुणी उचलत नाही, म्हणून चिठ्ठी सोमवारी सकाळवर ढकलावी लागते. मला ते बरंच वाटतं, कारण शुक्रवारच्या मेसेजनंतर दोन दिवस प्रश्न विचारायला कुणी सापडत नाही. पण बातमी आधीच फुटली असेल तर सोमवारपर्यंत गप्प बसणं चुकीचं. तेव्हा दुरुस्तीची पद्धत घ्यावी, फक्त दुरुस्त करण्याआधी अंदाजाची वाक्यं खोडावीत. नमुन्यातल्या मेसेजमधून बग आणि जॉब काढले की उरतं ते असं: "मंडळी, व्हेंडर पोर्टल बंद होत आहे, ही बातमी खरी आहे. शनिवार-रविवार कुणी त्यावर काम करू नका. बाकीचं मी विचारून सोमवारी अकरा वाजता सांगतो." हा मेसेज अपुरा आहे, पण त्यातलं एकही वाक्य मागे घ्यावं लागणार नाही.

दोन-तीन जणांची टीम असेल आणि सगळेच निर्णयाच्या बैठकीत बसलेले असतील, तर सहा प्रश्नांचा खटाटोप बहुधा लागत नाही. पंधरा दिवसांचा प्रयोग गुंडाळायचा असेल तरी तेच.

नव्याने लिहिलेल्या चिठ्ठीला परिपत्रकाची कळा येण्याचा धोकाही असतो. लीड रोज "मंडळी" म्हणत असेल तर चिठ्ठीतही तेच राहावं. एकाएकी "सर्व संबंधितांना" आलं की लोक घाबरतात. त्याला ती मोठ्याने वाचायला सांगावं. जिथे तो अडखळेल ते वाक्य त्याचं नाही, तुमचं आहे, ते बदलावं. पाठवण्याआधी ग्रुपची यादीही बघावी. त्यात पुरवठादाराचा किंवा क्लायंटचा माणूस असला तर ही चिठ्ठी तिथे जाता कामा नये.

कोणती चिठ्ठी पोचली हे पहिल्या तासातल्या उत्तरांवरून कळतं. "म्हणजे आता काम थांबवायचं का?" असं कुणी विचारलं तर पहिली ओळ चुकली. प्रश्न "बिलिंगच्या टीमला कोड कधी द्यायचा?" असे येऊ लागले, तर बातमी पोचली आहे.