सहकाऱ्याच्या अंगाला वास येतोय: कोणत्या मार्गाने सांगावं?

शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाच्या घामाचा वास सहन होत नाही आणि सांगायला जीभ रेटत नाही, अशा अवस्थेत बहुतेक जण चार मार्गांपैकी एक धरतात. आडून सुचवणं, सगळ्यांना मिळून सूचना काढणं, वरिष्ठांकडे किंवा एचआरकडे जाणं, आणि स्वतः बोलणं. मी हे चारही जवळून पाहिले आहेत. त्यांची तुलना करताना मी दोनच गोष्टी बघतो. त्या माणसाखेरीज आणखी किती जणांना हे कळलं, आणि ऐकल्यावर उत्तर द्यायला त्याला जागा मिळाली का. अपमानाची बोच बहुतेक या दोन गोष्टींतूनच येते. वास येतोय हे कळण्याने माणूस तासभर खजील होतो, पण आपल्या पाठीमागे सगळे बोलत होते हे कळलं की तो त्या टीममधून मनाने उठून जातो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्याला बहुधा खरंच माहीत नसतं. सतत नाकाशी असलेला वास मेंदू थोड्या वेळाने टिपेनासा होतो. म्हणूनच आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्याला येतो. त्यामुळे 'एवढं कसं कळत नाही' हा राग मनात असेल तर तो उतरेपर्यंत बोलू नये.

आडून सुचवणं

टेबलावर डिओडरंट ठेवणं, त्याच्यासमोर रूम फ्रेशनर मारणं, जवळ आल्यावर खिडकी उघडणं. यात सांगणाऱ्याची सुटका होते, ऐकणाऱ्याची नाही. माझ्या एका जुन्या ऑफिसात कुणीतरी एका सहकाऱ्याच्या ड्रॉवरवर चिठ्ठीशिवाय डिओची बाटली ठेवली. कुणी ठेवली ते कधीच कळलं नाही, म्हणून त्याच्या लेखी ती सगळ्यांनीच ठेवली होती. त्याने डबा एकट्याने खायला सुरुवात केली आणि काही महिन्यांनी दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली. वर काम तर झालंच नाही. वास कपड्यांत मुरलेला असेल तर डिओ मारल्याने दोन वास एकत्र येतात, इतकंच. माझ्या दोन्ही कसोट्यांवर हा मार्ग सपशेल नापास आहे.

सगळ्यांना सूचना

'सर्वांनी वैयक्तिक स्वच्छता पाळावी' अशी मेल आली की ज्याच्यासाठी ती असते त्याला ती दुसऱ्याची वाटते. जे दोनदा आंघोळ करून येतात ते मात्र दिवसभर स्वतःची बाही हुंगत बसतात. तिसऱ्या चहापर्यंत नाव फुटलेलं असतं. म्हणजे मेलने एकाला काही सांगितलं नाही आणि चाळीस जणांना नाव ओळखायला लावलं. टीममध्ये नवे लोक येताना नियम म्हणून ही गोष्ट सांगणं वेगळं, तेव्हा ती कुणालाच चिकटत नाही. एका माणसाचा प्रश्न सोडवण्यासाठी मात्र ती वापरू नये.

वरिष्ठ किंवा एचआर

हा मार्ग मी सरसकट वाईट म्हणणार नाही. तुम्ही नवखे असाल आणि समोरचा वीस वर्षं मुरलेला असेल, तर तुमच्या तोंडून हे त्यांना ऐकवणार नाही. तेव्हा त्यांच्या बरोबरीच्या, त्यांना 'अरे-तुरे' करणाऱ्या एकाच माणसाला सांगावं. पुरुष वरिष्ठाला आपल्या टीममधल्या मुलीला सांगायचं असेल, तर तिच्या जवळच्या एखाद्या ताईने बोललेलं बरं. एकांतात बोलावून पुरुषाने तिच्या शरीराबद्दल बोलणं तिला घाबरवू शकतं. इथे जाणणारा एक माणूस वाढतो, पण तो भार घेण्यासारखा आहे. काम स्वयंपाकघरातलं किंवा रुग्णांजवळचं असेल तर जबाबदार वरिष्ठांनीच बोलायला हवं, कारण तिथे प्रश्न फक्त आपल्या नाकाचा नसतो.

पण थेट एचआरकडे गेल्यावर गोष्टीची तक्रार होते. मीटिंगचं बोलावणं येतं, 'काय चुकलं माझं' म्हणून माणूस रात्रभर जागतो, आणि दुसऱ्या दिवशी अनोळखी माणसाच्या तोंडून घामाबद्दल ऐकतो. त्यानंतर तो टीममधल्या प्रत्येकाकडे 'तूच सांगितलंस का' अशा नजरेने बघतो. बरोबरीच्या सहकाऱ्यासाठी ही पहिली पायरी असू नये.

स्वतः बोलणं

याला धीर लागतो, आणि चुकलं तर फटका थेट तुमच्या नात्याला बसतो. तरीही बरोबरीच्या नात्यात मी हाच मार्ग निवडेन, कारण कळणारा माणूस एकच राहतो आणि त्याला तिथल्या तिथे बोलता येतं. माझ्यावर ही वेळ पुण्यात एका जुलैत आली. तो प्रसंग नीट सांगतो.

आमच्यातला एक जण चिखलीला कॉट बेसिसवर राहायचा, एका खोलीत चौघे. हिंजवडीला बाइकवरून यायचा, पॉलिस्टरचा टी-शर्ट आणि वर रेनकोट. मी आधी आठ-दहा दिवस फक्त लक्ष ठेवलं, कारण एखाद्या दिवशी वास कुणालाही येतो. वास कधी येतो यावरून बरंच कळतं. सकाळी ताजा दिसतो आणि चारनंतर उग्र वास सुरू होतो, तर तो घामाचा. काखेतला घाम मुळात जवळजवळ वासहीन असतो, कातडीवरचे जिवाणू तो फोडतात तेव्हा वास तयार होतो. पण आल्या आल्याच कुबट, ओलसर वास येत असेल, तर आंघोळ झालेली असते आणि खोट कपड्यांत असते. पावसाळ्यात बंद खोलीत दोन दोन दिवस ओले राहिलेले कपडे धुतलेले असूनही वास मारतात, आणि पॉलिस्टर सुतीपेक्षा घामाचा वास जास्त धरून ठेवतं. त्याचा वास सकाळी साडेनऊलाच यायचा.

मी कुणाशी आधी चर्चा केली नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण त्याने विचारल्यावर खरं बोलता आलं पाहिजे. वेळ निवडली संध्याकाळची, निघताना. सकाळी सांगितलं असतं तर त्याच कपड्यांत, तेच मनात घेऊन त्याला आठ तास काढावे लागले असते. काचेची मीटिंग रूम टाळली, कारण बाहेरून चेहरे दिसतात. पार्किंगकडे चालताना बोललो. चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही.

म्हटलं, "एक अवघड गोष्ट सांगायची आहे. माझ्याबाबतीत असती तर तू मला सांगावंस असंच मला वाटलं असतं. गेले काही दिवस तुझ्या कपड्यांना ओलसर वास येतो. पावसात वाळत नसतील, पण तुला कदाचित जाणवत नसेल म्हणून सांगतोय."

तो थांबला. मग म्हणाला, "सगळ्यांना येतो का?"

हा प्रश्न येणारच, याची तयारी ठेवा. 'सगळेच म्हणतात' हे वाक्य खरं असलं तरी उच्चारू नये. खोटंही बोलू नये. मी म्हटलं, "मी माझ्यापुरतं सांगतोय. या विषयावर कुणाशी बोललो नाही आणि बोलणार नाही."

तो म्हणाला, "रोज आंघोळ करतो रे मी." मी म्हटलं, "मला माहितीये, आंघोळीचा प्रश्नच नाहीये." आणि विषय तिथेच सोडला. सगळं मिळून तीन-चार मिनिटं झाली असतील. आधी कामाचं कौतुक करून मग हे सांगायचा मोह मी मुद्दाम आवरला होता. तसं केलं की पुढच्या वेळी कौतुक ऐकतानाही माणूस धास्तावतो.

'आंघोळ', 'स्वच्छता', 'घाणेरडं' हे शब्द मी आपणहून का काढले नाहीत तेही सांगतो. आपल्याकडे माणसांना घाणेरडं म्हणून दूर ठेवण्याचा मोठा इतिहास जातीचा आहे, आणि ज्याच्या घराण्याने तो सोसला त्याला हे शब्द तिथेच नेतात. याच कारणाने डब्यातल्या सुकटीचा किंवा बोंबलाचा वास या संभाषणात येता कामा नये. कुणी काय खातं हा आपला विषय नाही.

पुढचे चार दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला. मी रोजच्यासारखाच त्याच खुर्चीवर बसलो, चहाला हाक मारली. पाचव्या दिवशी त्याने स्वतः विचारलं, "कपड्यांचं काय करू?" तेव्हा, म्हणजे विचारल्यावरच, मी मला माहीत होतं ते सांगितलं. भिजलेले कपडे बादलीत तसेच ठेवायचे नाहीत, धुतल्यावर घट्ट पिळून पंख्याखाली मोकळे पसरायचे, ऑफिसला सुती शर्ट घालायचा आणि बाइकवरचा टी-शर्ट आल्यावर बदलायचा. घामाचा त्रास असता तर घाम रोखणारा रोल-ऑन रात्री कोरड्या काखेत लावायला सांगितलं असतं, कारण रात्री घाम कमी असतो आणि त्यातले अॅल्युमिनियमचे क्षार नीट बसतात. फरक पडला तेव्हा 'आता वास येत नाही हं' असं मी म्हटलं नाही.

मेसेज करावा का?

टीम वेगवेगळ्या गावांतून काम करत असेल आणि भेट क्वचित होत असेल, किंवा समोरचा इतका बुजरा असेल की तोंडावर ऐकताना कोसळेल, तर मेसेज समोरासमोरच्या खालोखाल बरा. चेहरा लपवायला त्याला सवड मिळते. पण ऑफिसच्या चॅटवर नको. तिथलं सगळं साठून राहतं, आणि स्क्रीन शेअर करताना नोटिफिकेशन वर आलं तर पंधरा जण वाचतात. वैयक्तिक नंबरवर, संध्याकाळी, दोन-तीन वाक्यांत लिहावं आणि शेवटी 'बोलावंसं वाटलं तर फोन कर' असं म्हणावं.

सांगूनही फरक पडला नाही तर

तीन-चार आठवडे थांबा. कपडे बदलायला पैसे लागतात, पगाराची तारीख यावी लागते. त्यानंतर एकदाच, पुन्हा एकट्याने, विचारा: "त्या गोष्टीत काही अडचण आहे का?" या वेळी प्रश्नच विचारायचा, कारण कधी कधी उत्तर शरीरात असतं. काहींना घामच अतोनात येतो. एका दुर्मीळ विकारात शरीराला एक रसायन मोडता येत नाही, आणि कितीही धुतलं तरी घामाला व श्वासाला मासळीसारखा वास येतो. तोंडाचा वास बऱ्याचदा हिरड्यांचा असतो. तो म्हणाला की सगळं करून पाहिलं, तर त्वचारोगतज्ज्ञाचं नाव सुचवा आणि त्याची खुर्ची खिडकीजवळ किंवा पंख्याखाली हलवायला मदत करा, कारण न सांगता. तो म्हणाला की हा तुझा प्रश्न नाही, तर तिथे तुमचं काम संपलं. मग वरिष्ठांपैकी एकाला सांगा, आणि सांगण्याआधी त्यालाही कळवा की आता मी सरांशी बोलणार आहे.