त्याच दिवशी उपचार की शहराची चिठ्ठी? डोंगरी तालुक्यांतील गर्भाशयमुख तपासणीच्या तीन पद्धतींची तुलना

गगनबावडा, शाहूवाडी किंवा चंदगडसारख्या तालुक्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगपूर्व अवस्थेची तपासणी सुरू करायची ठरली, की संस्थेपुढे किंवा ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न पद्धतीचा येतो. तिथे पॅप स्मिअर वाचणारी प्रयोगशाळा नसते, गर्भाशयमुख मोठे करून दाखवणारा कॉल्पोस्कोप नसतो आणि बायोप्सीचा अहवाल यायला दोन-तीन आठवडे जातात. अशा ठिकाणी खरे पर्याय तीनच उरतात. पहिला, व्हीआयए करून दोष दिसला तर त्याच भेटीत उपचार करणे. दुसरा, व्हीआयए करून दोष दिसलेल्या महिलेला कॉल्पोस्कोपीसाठी कोल्हापूरला पाठवणे. तिसरा, आधी या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी करणे आणि ती पॉझिटिव्ह आली तरच डोळ्यांनी पाहून उपचार ठरवणे.

व्हीआयए म्हणजे ॲसिटिक ॲसिड लावून गर्भाशयमुख उघड्या डोळ्यांनी पाहणे. १०० मिलिलिटर द्रावणासाठी ५ मिलिलिटर ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड आणि ९५ मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. हे द्रावण रोज सकाळी नव्याने करावे आणि संध्याकाळी उरलेले टाकून द्यावे. पातळ न केलेले ॲसिड चुकून लागले, तर त्वचा आणि गर्भाशयमुख भाजते. म्हणून मिसळलेल्या बाटलीवर तारखेसह चिठ्ठी असल्याशिवाय ती तपासणीच्या टेबलावर येऊ देऊ नये. स्पेक्युलम घातल्यावर आधी काहीही न लावता पाहायचे, मग कापसाच्या बोळ्याने द्रावण लावून घड्याळावर पूर्ण एक मिनिट थांबायचे. हे मिनिट सर्वांत जास्त चोरले जाते. बाहेर चाळीसजणी रांगेत बसलेल्या असताना वीस सेकंदांनी पाहून नोंद होते, आणि खरा दोष अजून पांढरा व्हायचाच असतो.

आतले लालसर आवरण आणि बाहेरचे गुलाबी आवरण जिथे भेटतात, त्या सीमारेषेला चिकटलेला, दाट, चुन्यासारखा पांढरा आणि स्पष्ट कडेचा डाग दिसला, तर चाचणी पॉझिटिव्ह धरायची. सीमेपासून लांबचे विरळ पांढरे ठिपके, रेषेइतकी फिकट कड किंवा नाबोथियन गाठींवरचा पांढरेपणा यांना पॉझिटिव्ह म्हणायचे नाही. वर्णन वाचताना हे सोपे वाटते, पण पावसाळ्याच्या दिवशी वीज गेल्यावर हातातल्या टॉर्चच्या पिवळसर उजेडात दाट पांढरे आणि फिकट पांढरे यांतला फरक पुसला जातो. शिबिरासाठी दुसरे काही विकत घ्यायच्या आधी चांगला पांढरा दिवा घ्यावा, असे मी म्हणेन.

आता पुरावा पाहू. यातला बराचसा पुरावा आपल्याच राज्यातला आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने केलेल्या अभ्यासात डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ३५ ते ६४ वयाच्या महिलांची दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत व्हीआयए तपासणी केली, आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उलट, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एकदाच तपासणी झाली. २००९ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत एचपीव्ही चाचणीच्या गटात या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे झाले होते, तर व्हीआयए गटात ठोस म्हणावी अशी घट दिसली नाही. हे दोन निकाल एकमेकांना खोडून काढत नाहीत. डोळ्यांची तपासणी एका फेरीत बरेच काही चुकवते, आणि पुढची फेरी झाली तर त्यातले काही हाती लागते. त्यामुळे एकच महाशिबिर घेऊन संपवण्याचा बेत असेल, तर व्हीआयए हा फार कमकुवत पर्याय आहे. जागतिक आरोग्य संघटना व्हीआयए दर तीन वर्षांनी आणि एचपीव्ही चाचणी पाच ते दहा वर्षांनी करण्यास सांगते, त्यामागे हेच कारण आहे.

कॉल्पोस्कोपीशिवाय थेट उपचार केल्याने उपयोग होतो का, याचे उत्तर दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनजवळच्या खायेलित्शा वस्तीतील अभ्यासाने २००५ मध्ये दिले. सहा महिन्यांनंतर गंभीर कर्करोगपूर्व दोष एचपीव्ही चाचणीवरून उपचार केलेल्या गटात ०.८ टक्के, व्हीआयएवरून उपचार केलेल्या गटात सुमारे २.२ टक्के आणि उपचार लांबणीवर टाकलेल्या गटात सुमारे ३.६ टक्के महिलांत आढळले. म्हणजे डोळ्यांनी पाहून त्याच भेटीत उपचार करणे काहीच न करण्यापेक्षा निश्चित चांगले आहे, पण एचपीव्ही चाचणीच्या जवळपासही जात नाही.

चिठ्ठी देऊन पाठवण्याचा पर्याय सर्वांत शास्त्रशुद्ध वाटतो, म्हणून त्याचा हिशेब मांडून पाहावा. पुढचे आकडे केवळ हिशेबापुरते धरले आहेत. दोन दिवसांत २०० महिला तपासल्या आणि १६ पॉझिटिव्ह आल्या. त्यातल्या एकीला कर्करोगाचाच संशय आहे आणि तिघींना तिथे उपचार देता येणार नाही. उरलेल्या १२ जणींपैकी समजा तिघींना खरा गंभीर दोष आहे आणि नऊजणींना केवळ दाह किंवा बदलत्या आवरणाचा पांढरेपणा आहे. त्याच दिवशी उपचार केला, तर तिघींचा दोष बहुधा जातो आणि नऊजणींना गरज नसताना काही आठवडे पाण्यासारखा स्राव आणि थोडे पोटात दुखणे सोसावे लागते. चिठ्ठी दिली आणि निम्म्याच कोल्हापूरला पोहोचल्या, तर त्या तिघींपैकी एक-दोघींना उपचार मिळतो आणि बाकीच्यांचा दोष तसाच राहतो. चंदगडहून शहर सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. भाताची लावणी सुरू असली, की शेतातली एक दिवसाची मजुरी बुडवून, सोबतीला कुणाला घेऊन, दुखतही नसलेल्या जागेची तपासणी करायला कोण जाईल? बीडहून आलेली ऊसतोड महिला तर एप्रिलमध्ये गळीत हंगामाबरोबर गाव सोडते. तिच्या चिठ्ठीला काही अर्थच उरत नाही.

या महिलांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी सांगावीशी वाटते. अंगावरून पांढरे जाते म्हणून गर्भाशयाची पिशवीच काढल्याच्या हकिकती या वर्गातून पुष्कळ आल्या आहेत. व्हीआयए पॉझिटिव्ह येणे हे पिशवी काढण्याचे कारण नाही. कागदावर फक्त 'पॉझिटिव्ह' लिहून महिलेला सोडून दिले, की तो कागद कुठे आणि कशासाठी वापरला जाईल, यावर आपला ताबा राहत नाही.

त्याच दिवशीच्या उपचारात क्रायोथेरपी आणि थर्मल ॲब्लेशन अशा दोन वाटा आहेत. क्रायोत वायूने तीन मिनिटे गोठवायचे, पाच मिनिटे वितळू द्यायचे आणि पुन्हा तीन मिनिटे गोठवायचे असते. सिलिंडरचा दाब कमी पडला की बर्फाची कड प्रोबच्या बाहेर चार-पाच मिलिमीटर जात नाही, आणि तसे झाले तर उपचार अपुरा झाला असे समजावे. घाटरस्त्याने जड सिलिंडर नेणे आणि भरून आणणे हीच मोठी अडचण ठरते. थर्मल ॲब्लेशनचे उपकरण हातात मावते, बॅटरीवर चालते आणि किमान १०० अंश सेल्सिअस तापमानाला २० ते ३० सेकंद टेकवावे लागते. आज नव्याने घेणाऱ्याने थर्मलच घ्यावे.

मात्र उपकरण हातात आले, की प्रत्येक पांढऱ्या डागावर ते टेकवण्याचा मोह होतो, आणि खरी जबाबदारी तिथेच आहे. ३८ वर्षांच्या एका महिलेचे उदाहरण घेऊ. द्रावण लावल्यावर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे १० ते १ या भागात दाट पांढरा डाग दिसतो. सीमारेषा चहूबाजूंनी पूर्ण दिसते, डाग आत नळीत शिरत नाही, तो गर्भाशयमुखाच्या तीन चतुर्थांशांहून खूपच लहान आहे, आणि प्रोब दोनदा थोडा सरकवून टेकवला तर सगळा झाकला जातो. ती गर्भवती नाही. तिच्यावर लगेच उपचार करता येतो. तिला पाण्यासारखा स्राव महिनाभर जाऊ शकतो, तेवढे दिवस शरीरसंबंध टाळायचा, आणि ताप, दुर्गंधी किंवा जास्त रक्तस्राव झाला तर लगेच यायचे, हे तिला घरी जाण्यापूर्वी नीट समजावून सांगावे लागते.

तिच्यामागची महिला ५४ वर्षांची आहे. तिची सीमारेषा पाळी गेल्यानंतर आत सरकली आहे आणि दिसतच नाही. तिच्यात काही पांढरे दिसले नाही, तर त्याला निगेटिव्ह म्हणणे ही चूक आहे. तिची तपासणी अपुरी झाली अशी नोंद करून तिला एचपीव्ही चाचणीकडे वळवावे. तिसरीच्या गर्भाशयमुखावर बोळा लागताच रक्त येणारी, फ्लॉवरसारखी वाढ आहे. तिला उपकरण अजिबात लावायचे नाही. वरचा भाग जाळला तर खालचा कर्करोग झाकला जातो आणि निदान महिनोन्महिने लांबते. हिच्यासाठी शहरातल्या रुग्णालयाशी त्याच दिवशी फोनवर बोलून गाडी ठरवावी. चिठ्ठी देऊन भागत नाही.

तिसऱ्या पर्यायात, म्हणजे एचपीव्ही चाचणीत, महिला स्वतः स्वॅब घेऊ शकते, आणि निगेटिव्ह आलेल्या बहुसंख्य महिलांना टेबलावर झोपण्याची वेळच येत नाही. क्षयरोगासाठी वापरल्या जाणाऱ्या सीबीनॅटसारख्या यंत्रावर एचपीव्हीचे कार्ट्रिज चालते आणि सुमारे तासाभरात निकाल मिळतो. अडचण कार्ट्रिजच्या किमतीची आणि यंत्राच्या मोकळ्या वेळेची आहे. पॉझिटिव्ह आलेल्या महिलेला उपकरण लावता येईल का, हे तिथेही ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनीच ठरवावे लागते. त्यामुळे आज परिचारिकांना व्हीआयए शिकवण्यावर केलेला खर्च उद्या एचपीव्हीकडे वळल्यावर वाया जात नाही. रोग शोधायला हे डोळे कमी पडतात, पण उपचार झेपेल का हे ठरवायला तेच लागतात.

माझे मत असे आहे. यंत्र आणि कार्ट्रिजची सोय असेल, तर एचपीव्ही आधी करावी. ती नसेल आणि गाव शहरापासून दूर असेल, तर ३० ते ४९ वयाच्या महिलांसाठी व्हीआयए करून त्याच भेटीत थर्मल उपचार द्यावा, आणि दर तीन वर्षांनी परत यायचे आधीच ठरवावे. करवीर किंवा हातकणंगलेसारख्या जवळच्या भागात, आणि तेही गाडी व सोबत ठरवून, पाठवण्याचा पर्याय चालेल. डोंगरात तो स्वीकारू नये.

सुरू केल्यावर दर महिन्याला प्रत्येक परिचारिकेचे पॉझिटिव्हचे प्रमाण वेगळे काढावे. या वयोगटात ते साधारण ५ ते १० टक्के अपेक्षित असते. एकीकडे शंभरात एकही नाही आणि दुसरीकडे शंभरात पंचवीस असे दिसले, तर आधी द्रावण, दिवा आणि घड्याळ तपासावे, मग दोघींनी पंधरा-वीस महिला शेजारी उभे राहून एकत्र पाहाव्यात.

उपचार झालेल्या महिलेला वर्षाने परत बोलवायचे असते. जुलैत उपचार झाला, तर वर्षाची तारीख ऐन पावसात आणि लावणीत येते, म्हणून तारीख पावसाळा ओसरल्यावर दसऱ्यानंतरच्या आठवड्याची द्यावी, आणि कार्डावर तारखेशेजारी 'दसऱ्यानंतर' असेही लिहावे, कारण घरात तेच लक्षात राहते.