गेमिंगच्या सबस्क्रिप्शनचा हप्ता अडकला, आणि ‘२४ तासांत ऑनलाइन खेळ बंद’चा मेसेज आला

साताऱ्याच्या माझ्या दाजींच्या कार्डावरून गेल्या महिन्यात साडेअठरा हजार रुपये गेले. निमित्त होतं भाच्याच्या गेमिंग कन्सोलच्या ऑनलाइन सबस्क्रिप्शनचं, ज्याचा महिन्याचा हप्ता पाचशे रुपयांच्या आत आहे. सविस्तर लिहितोय, कारण ज्या मेसेजने घात केला त्यातली अर्धी गोष्ट खरी होती. हप्ता खरोखरच अडकला होता, आणि म्हणूनच घरात कुणाला संशय आला नाही.

आधी तो का अडकला ते सांगतो. दाजींच्या जुन्या कार्डाची मुदत संपली आणि बँकेने नवं कार्ड पाठवलं. ऑटो-पेची परवानगी जुन्या कार्डावर दिलेली होती, ती नव्यावर आलीच नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ऑटो-पेचे नियम कडकपणे लागू झालेत. परवानगी नोंदवताना एकदा ओटीपी द्यावा लागतो. त्यानंतर पंधरा हजारांपर्यंतच्या नेहमीच्या हप्त्याला दर वेळी ओटीपी लागत नाही, पण पैसे कापायच्या किमान २४ तास आधी कळवणं बंधनकारक आहे: कुणाला, किती, कधी. दाजींना दर महिन्याला बँकेचा असा मेसेज यायचा. या वेळी तो आला नव्हता. असा मेसेज आला नाही तर परवानगी जिवंत नाही असं समजायचं आणि स्वतःच कन्सोलवर जाऊन कार्ड बदलायचं.

हप्ता अडकल्यावर कंपनीची खरी ईमेल आली होती. त्यात एवढंच होतं की पैसे मिळाले नाहीत, आपल्या अकाउंटमध्ये जाऊन पेमेंटची माहिती बदला. ती ईमेल भाच्याच्या इनबॉक्समध्ये न उघडता पडून राहिली. दोनच दिवसांत दाजींच्या मोबाइलवर वेगळ्या नंबरवरून मेसेज आला: पेमेंट नाकारलं गेलं आहे, ग्रेस पिरियडचे, म्हणजे हप्ता अडकल्यावर मिळणाऱ्या सवलतीच्या मुदतीचे, शेवटचे २४ तास उरलेत, त्यानंतर ऑनलाइन खेळ बंद होईल आणि अकाउंट कायमचं डिलीट होईल. खाली लिंक. असे मेसेज हजारो नंबरांवर पाठवले जातात, आणि त्यातल्या काहींचा हप्ता त्याच आठवड्यात अडकलेला असतो. भाच्याची शनिवारी मित्रांबरोबर मॅच ठरलेली होती. ‘पप्पा, आजच भरा’ म्हणून तो मागे लागला.

लिंकवरचं पान मी नंतर पाहिलं. हुबेहूब लोगो, वर उलटं धावणारं घड्याळ. पहिल्या पायरीवर गेमिंग अकाउंटचा ईमेल आणि पासवर्ड मागितला होता. दुसरीवर कार्ड नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे. तिसरीवर लिहिलं होतं की कार्ड तपासण्यासाठी फक्त एक रुपया कापला जाईल, ओटीपी टाका.

ओटीपी आला तेव्हा मोबाइलच्या वरच्या पट्टीत फक्त सहा आकडे दिसले आणि कीबोर्डने ते आपोआप सुचवले. दाजींनी त्यावर बोट ठेवलं. पूर्ण मेसेज उघडला असता तर त्यात रक्कम ‘रु. १८,४५०’ लिहिलेली होती आणि दुकानाचं नाव कुठल्यातरी गिफ्ट कार्ड विकणाऱ्या साइटचं होतं. बँकेच्या ओटीपीच्या मेसेजमध्ये रक्कम आणि कुणाला पैसे जाणार हे लिहिलेलं असतं, आणि पान काय म्हणतंय याला त्यापुढे काही किंमत नाही. पान एक रुपया म्हणत असेल आणि मेसेज अठरा हजार, तर मेसेज खरा. लगेच पानावर ‘ओटीपी चुकला, पुन्हा टाका’ असं आलं. आता मागितलेला ओटीपी दुसऱ्याच व्यवहाराचा होता. तेवढ्यात पैसे कापल्याचा मेसेज आला म्हणून दाजी थांबले.

आता मेसेजमधल्या त्या २४ तासांचा प्रश्न: ग्रेस पिरियड खरंच किती असतो? त्याचं एकच एक उत्तर नाही, आणि ठग नेमका याचाच फायदा घेतात. सबस्क्रिप्शन कुठून घेतलंय यावर सगळं ठरतं. आयफोनवरच्या गेमचं सबस्क्रिप्शन ॲपलमार्फत असेल तर गेम बनवणारा ३, १६ किंवा २८ दिवसांची मुदत ठेवू शकतो किंवा अजिबात न ठेवता लगेच बंद करू शकतो. ॲपल मात्र ६० दिवसांपर्यंत पैसे वसूल करायचा प्रयत्न करत राहतं. गूगल प्लेवर ग्रेस पिरियड ठेवलेला असेल तर तो संपेपर्यंत खेळ चालू राहतो. मग सबस्क्रिप्शन काही दिवस रोखून धरलं जातं, म्हणजे सुविधा बंद, पण कार्ड दुरुस्त केलं की तेच पुन्हा सुरू होतं. कन्सोलचे नियम कंपनीप्रमाणे बदलतात. म्हणून अकाउंटमधल्या सबस्क्रिप्शनच्या पानावर दिसणारी तारीख तेवढी धरायची. मेसेजमधल्या तासांचा तिच्याशी काही संबंध नसतो.

आणि मुदत संपली तरी बंद काय होतं? विकत घेतलेल्या गेममध्ये इतरांशी ऑनलाइन खेळणं थांबतं. एकट्याने खेळायचे भाग चालू राहतात. फोर्टनाइटसारखे मोफत गेम प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर सबस्क्रिप्शनशिवायही ऑनलाइन चालतात. प्लेस्टेशनवर सबस्क्रिप्शनसोबत दर महिन्याला मिळालेले गेम कुलूपबंद होतात, पण पुन्हा सदस्य झालं की उघडतात. हप्ता अडकला म्हणून अकाउंट २४ तासांत कायमचं पुसलं जात नाही. हे वाक्य कुठल्याही मेसेजमध्ये दिसलं की तो खोटा समजा.

दाजींनी मला फोन केला तेव्हा अर्धा तासही झाला नव्हता. आम्ही पहिल्यांदा बँकेच्या ॲपमधून कार्ड बंद केलं, मग सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि cybercrime.gov.in वर स्क्रीनशॉटसह लेखी दिली. त्याच वेळी भाच्याने कन्सोलच्या अकाउंटचा पासवर्ड बदलला, सगळ्या उपकरणांवरून साइन आउट केलं आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू केलं. या पायरीकडे लोकांचं लक्ष जात नाही. पासवर्ड आधीच गेलेला असतो आणि विकत घेतलेले गेम असलेलं अकाउंट परस्पर विकलं जाऊ शकतं.

पैसे अजून आलेले नाहीत. बँकेचं लेखी उत्तर आलं की ओटीपी ग्राहकाने स्वतः दिला. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाला भुर्दंड नाही असं आहे, पण तो दिलासा तिऱ्हाइताने परस्पर केलेल्या व्यवहारांसाठी आहे. स्वतः माहिती दिल्यावर बँकेला कळवेपर्यंत झालेलं नुकसान ग्राहकाकडेच राहतं, कळवल्यानंतर झालेलं बँकेकडे. म्हणून कार्ड बंद करून बँकेला कळवायला जितका उशीर कराल तितका तोटा तुमच्या अंगावर. दाजींनी दुसरा ओटीपी दिला नाही, आणि कार्ड बंद झाल्यावर त्याच साइटवरून आणखी दोन व्यवहारांचे प्रयत्न झाले, ते बँकेने नाकारले.

सबस्क्रिप्शन भाच्याने नंतर कन्सोलवरच्या पेमेंटच्या सेटिंगमधून नवं कार्ड घालून सुरू केलं. त्यासाठीही ओटीपी आला, पण या वेळी दाजींनी पूर्ण मेसेज उघडून रक्कम आणि नाव वाचलं.