सलून पंचवीस दिवस बंद: ग्राहकांना काय कळवावं, काय टाळावं

तीन खुर्च्या आणि दोन बेसिनचं सलून नूतनीकरणासाठी बंद ठेवायचं आहे. कंत्राटदार अठरा दिवस सांगतो. ग्राहकांना निरोप पाठवायचा आहे आणि त्यात तीन गोष्टी ठरवायच्या आहेत: उघडण्याची तारीख कशी सांगायची, मधल्या काळात त्यांनी काय करायचं आणि उघडल्यावर त्यांना काय द्यायचं. तिन्ही बाबतींत दोन-दोन, तीन-तीन रस्ते आहेत आणि प्रत्येकाची अडचण वेगळी आहे.

तारीख: पक्की, मोघम की दोन टप्प्यांत

"लवकरच पुन्हा आपल्या सेवेत" हे लिहायला सर्वांत सोपं आणि ग्राहकाला सर्वांत निरुपयोगी. तारीखच नसेल तर थांबायचं की दुसरीकडे जायचं हे तिला ठरवता येत नाही, आणि मग ती दुसरीकडे जाते. उलट टोकाला "२१ तारखेला उघडत आहोत" असं ठाम सांगितलं, तर कंत्राटदाराचे अठरा दिवस तुम्ही स्वतःच्या शब्दावर घेतले असं होतं.

ते अठरा दिवस बहुधा बेसिनपाशी घसरतात. जुन्या लाद्या काढून, नवी नळजोडणी करून वॉटरप्रूफिंग केलं की तिथे किमान चोवीस तास पाणी साठवून गळती तपासावी लागते. ओल दिसली तर डागडुजी, ती सुकणं आणि पुन्हा चाचणी, म्हणजे तीन दिवस सहज जातात. घाईत त्यावरच लादी बसवली तर दोन महिन्यांनी तीच लादी फोडावी लागते. म्हणून अठरात सहा दिवस मिळवून चोवीस धरा. ३ तारखेला काम सुरू झालं तर २६ला संपेल. २७ला नळ, गीझर, ड्रायर सगळं एकदम चालवून पाहायचं आणि पहिली अपॉइंटमेंट २८ची घ्यायची.

आमच्या मते दोन टप्प्यांची पद्धत सरस ठरते: "३ ते २७ बंद. २८ पासूनच्या अपॉइंटमेंट आत्ताच घेत आहोत. १८ तारखेला काम वेळेवर आहे की नाही ते कळवू." १८ का? तोवर पाण्याची चाचणी झालेली असते आणि घोळ असेल तर तो कळलेला असतो. काम लवकर आटोपलं तरी २८ मागे आणू नका, ते दिवस रंगाचा वास जायला लागतातच.

मधल्या काळात: घरपोच, दुसरं सलून की वेळ सरकवणं

घरपोच सेवा ऐकायला छान वाटते. कापणं, ब्लो-ड्राय इतपत ठीक. रंग मात्र घरी नको: धुवायला बेसिन नाही, उजेड वेगळा, आणि डाग पडला तर तो ग्राहकाच्या फरशीवर.

ओळखीच्या सलूनकडे पाठवण्यात ग्राहक गमावण्याची भीती असते. पण दर पाच आठवड्यांनी रूट टचअप करणारी बाई कुठेतरी जाणारच, फक्त तुम्ही न सांगता जाईल. तिला पाठवायचंच तर तिचं रंगाचं कार्ड सोबत द्या: शेडचा क्रमांक, दोन शेड मिसळत असाल तर त्यांचं प्रमाण, डेव्हलपर किती टक्के (६ की ९), आणि किती मिनिटं ठेवला. एवढं नसेल तर नवा माणूस अंदाजाने रंग लावतो. रंग गडद बसला तर परत आल्यावर तो उतरवण्याचं काम तुमच्याच गळ्यात. नव्या ठिकाणी ब्रँड बदलणार असेल तर ४८ तास आधी पॅच टेस्ट करून घ्यायला निरोपातच सांगा.

तिसरा रस्ता फारसं कुणी वापरत नाही, आणि तोच सर्वांत स्वस्त. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे पंचवीस दिवसांत आठ-एक मिलिमीटर. अपॉइंटमेंटची वही उघडा आणि मागच्या रंगाची तारीख बघा. जिचा रंग मागच्या ५ला झाला, तिला १ किंवा २ला बोलवा, जवळजवळ चार आठवडे झालेले असतात. जिचा २०ला झाला, तिला आधी बोलावण्यात अर्थ नाही, मुळं जेमतेम दिसत असतात. तिला २८ची वेळ द्या, साडेपाच आठवडे होतील. मग उरतात त्या थोड्याच, ज्यांचं मध्यावर येतं किंवा ज्यांच्या घरी कार्यक्रम आहे. दुसऱ्या सलूनचा पत्ता फक्त त्यांना. सगळ्यांना एकच पत्ता धाडणं म्हणजे थांबायला तयार असलेल्यांनाही दार दाखवणं.

पुन्हा उघडल्यावर: सवलत की जादा काही

पहिल्या आठवड्यात सरसकट टक्केवारीची सवलत दिली तर काय होतं ते मोजून बघा. रंगाला दोन तास, दिवस आठ तासांचा, खुर्च्या तीन: दिवसाला बारा, सहा दिवसांत बहात्तर. दीडशे जणी थांबलेल्या असतील तर निम्म्याहून अधिकांना "वेळ नाही" ऐकावं लागेल, तेही नवे नळ अजून अंगवळणी पडायच्या आधी. सवलत द्यायचीच तर मुदत सहा आठवड्यांची ठेवा.

आमचा कौल जादा सेवेला, पण ती नीट निवडून. मोफत हेअर स्पा दिला तर प्रत्येकीमागे बेसिन पंधरा मिनिटं जास्त अडतं आणि बेसिन दोनच आहेत. रंग बसायला लागणाऱ्या अर्ध्या तासात हातांचा मसाज दिला तर ना खुर्ची अडते, ना बेसिन. मदतनीसाचा वेळ तेवढा लागतो.

आगाऊ पैसे भरलेल्यांचा हिशेब ऑफरमध्ये मिसळू नका. त्यांची मुदत वाढवणं ही भेट नव्हे, देणं आहे. "मुदत वाढवली आहे" एवढ्यावर भांडणं होतात. बंद राहिलेले पंचवीस दिवस मिळवून प्रत्येकीला तिची नवी शेवटची तारीख लिहून पाठवा.

निरोप

सगळ्यांना जाणारा भाग इतका पुरे:

"सलून ३ ते २७ तारखेपर्यंत नूतनीकरणासाठी बंद राहील. २८ पासूनची वेळ आजच घेता येईल. आधी हवी असेल तर १ आणि २ तारखेला थोड्या जागा आहेत. मध्येच गरज पडली तर कळवा, रंगाचं कार्ड आणि जवळचा पत्ता देऊ. काम वेळेवर आहे का ते १८ला सांगू. २८ पासून सहा आठवडे प्रत्येक रंगासोबत हातांचा मसाज आमच्याकडून."

हा निरोप तीन आठवडे आधी जायला हवा, नाहीतर १ आणि २च्या जागा भरत नाहीत. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट वापरत असाल तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांच्यापर्यंत तो पोचत नाही. त्यांना एसएमएस करा. देवनागरी एसएमएस सत्तर अक्षरांचा असतो आणि त्यात काना-मात्राही वेगळी मोजली जाते: "नूतनीकरणासाठी" या एका शब्दातच तेरा जातात. तिथे "सलून ३ ते २७ बंद. २८ पासून वेळ मिळेल. फोन करा." एवढंच.

१८ला काम मागे पडलेलं दिसलं तर नुसता सगळ्यांना निरोप धाडून थांबू नका. २८ ते ३० या तीन दिवसांत वेळ घेतलेल्यांना फोन करा आणि प्रत्येकीला दुसरी वेळ त्याच फोनवर ठरवून द्या.