तत्काल की प्रीमियम तत्काल?

मेहुण्याला बुधवारी सकाळी सोलापुरातून मुंबईला जायचंय, तिकीट कुठलं काढू विचारत होता.

दोन्ही कोटे एकाच वेळी उघडतात, एसीचे सकाळी १०ला, स्लीपरचे ११ला. पण गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेच्या आदल्या दिवशी! बंगळुरूहून येणारी उद्यान एक्स्प्रेस मंगळवारी रात्री निघते, म्हणून बुधवारचं तिकीट सोमवारीच काढायचं. मंगळवारी तिकीट काढायला बसणारे इथेच फसतात.

जागा मोजक्या आणि मार्गावरचे सगळे एकाच मिनिटाला तुटून पडतात, म्हणून कोटा संपतो. प्रीमियमच्या जागाही तत्कालच्या कोट्यातूनच काढलेल्या.

तत्कालमध्ये जादा आकार ठरलेला असतो: स्लीपरला १०० ते २०० रुपये, थर्ड एसीला ३०० ते ४००. प्रीमियमचं भाडं मात्र जागा विकल्या जातील तसं चढतं, त्यामुळे पैसे भरण्याआधी रक्कम पाहायचीच. त्यात वेटिंग मिळत नाही. तत्कालमध्ये मिळतं, आणि ते बहुधा तसंच राहतं. कन्फर्म तिकीट रद्द केलं तर पैसे दोन्हींचे बुडाले.

लग्नकार्याला सहकुटुंब निघालात तर आधी तत्काल. एकट्याला परीक्षा किंवा दवाखाना गाठायचा असेल, तर प्रीमियम. नुसतं फिरायला असेल तर आपली एसटी.