14 महिन्यांनंतर: 17 टक्के दाखवत असताना बंद पडणारी गाडी

माझ्या इलेक्ट्रिक गाडीबद्दल पहिलं वर्ष कुरकूर करायला जागाच नव्हती. तेराव्या महिन्यात एका चढावर मीटर 17 टक्के दाखवत असताना मोटरची ताकद एकदम गेली. गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं थांबले, तर पुन्हा सुरू झाली, आणि पुढच्या चढावर परत तेच. सर्व्हिस सेंटरमध्ये ‘बॅटरी जुनी झाली’ एवढंच उत्तर मिळालं. ते मला पटलं नाही, कारण 80 किलोमीटरची रेंज दोन आठवड्यांत 65 वर आली होती. बॅटरी म्हातारी होते ती इतक्या घाईने नाही.

माझ्या बॅटरीत सेलचे 14 गट एकामागे एक जोडलेले आहेत. बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, प्रत्येक गटाचं व्होल्टेज वेगळं मोजतो आणि एक जरी गट 3.0 व्होल्टखाली गेला तरी सगळा पुरवठा तोडतो. मीटरवरचे टक्के मात्र पूर्ण बॅटरीचा हिशेब सांगतात. ॲपमध्ये चढावरचे आकडे पाहिले तेव्हा उलगडा झाला: तेरा गट 3.3 च्या आसपास, नववा 2.98. थांबल्यावर भार गेला की तोच गट 3.4 पर्यंत वर यायचा, म्हणून गाडी पुन्हा सुरू व्हायची. अशा वेळी सारखी चावी फिरवू नका. प्रत्येक वेळी तोच गट आणखी पिळला जातो.

आता प्रश्न असा की नववा गट खराब झालाय, की फक्त मागे पडलाय? हे पूर्ण चार्जवर कळतं. क्षमता गेलेला गट लवकर भरतो आणि लवकर रिकामा होतो, म्हणजे वरच्या टोकाला तो सगळ्यांच्या पुढे असतो. माझा नववा तिथेही मागेच होता: बाकीचे 4.18, हा 4.08. म्हणजे क्षमता शाबूत, भरणा साधारण 10 टक्के कमी.

चूक माझ्या सवयीत होती. बॅटरी टिकावी म्हणून मी कायम 80 टक्क्यांवर चार्जर काढायचे. पण माझ्या बीएमएसचं बॅलन्सिंग, म्हणजे सगळे गट एका पातळीवर आणणं, 4.1 व्होल्टच्या वर गेल्यावरच सुरू होतं, म्हणजे वर्षभर ते झालंच नव्हतं. गटागटांतला बारीक फरक साठत गेला.

बॅलन्सिंग अगदी संथ असतं. पुढे असलेल्या गटांतला जादा चार्ज छोट्या रेझिस्टरमधून उष्णता म्हणून जिरवला जातो, माझ्याकडे फक्त 60 मिलीअँपिअरने. बॅटरी 30 अँपिअर-तासांची, तिचे 10 टक्के म्हणजे 3. त्याला 0.06 ने भागलं की 50 तास. म्हणून अकरा रात्री गाडीच्याच चार्जरवर पूर्ण चार्ज करून तशीच जोडून ठेवली. फरक 100 मिलीव्होल्टवरून 15 वर आला. परवा त्याच चढावर 6 टक्क्यांवरही गाडी थांबली नाही.

आता रोज 80 टक्के आणि पंधरवड्यातून एक रात्र पूर्ण चार्ज. नवव्या गटाचा आकडा मी दर महिन्याला लिहून ठेवते; तो पुन्हा मागे पडू लागला, तर त्यातून चार्जची गळती जास्त होतेय असं समजून वॉरंटीत बॅटरी तपासायला देईन.