अनरियलमध्ये राजगडाचं जंगल: एलओडी साखळी आणि स्क्रीन साइझचा आठ महिन्यांचा अनुभव

आठ महिने मी एकाच दृश्यावर काम करतोय: राजगड, त्याच्या तिन्ही माच्या, बालेकिल्ला आणि पायथ्याचं जंगल, मिळून साधारण ४ किमी × ४ किमी. हे सगळं अनरियल ५.३ या गेम इंजिनमध्ये. ज्या संगणकांवर हे चालणार आहे ते जुने आहेत आणि Direct3D 11 च्या पुढे जात नाहीत, त्यामुळे तपशील आपोआप कमी-जास्त करणाऱ्या नॅनाइटचा विचार पहिल्याच आठवड्यात सोडावा लागला. राहिली ती जुनी पद्धत: प्रत्येक मेशला, म्हणजे त्रिकोणांनी बनलेल्या त्रिमितीय आकाराला, उतरत्या तपशिलाच्या तीन-चार आवृत्त्या, म्हणजेच एलओडी, आणि कुठली कधी दिसेल हे ठरवणारा स्क्रीन साइझचा आकडा. या पद्धतीबद्दल माझं मत चांगलं आहे. पण पहिले दोन महिने मी ती चुकीच्या बाजूने वापरत होतो. नेमकं काय चुकलं ते सविस्तर सांगतो.

आधी स्क्रीन साइझ म्हणजे काय ते. पुष्कळ जण ते अंतर समजतात, मीही समजत होतो. अनरियल मेशभोवती एक गोल कल्पितं, म्हणजे बाउंडिंग स्फिअर, आणि त्या गोलाचा व्यास पडद्यावर किती भरतो ते मोजतं. नेहमीच्या १६:९ पडद्यावर हा आकडा पडद्याच्या उंचीच्या तुलनेत असतो. ०.५ म्हणजे गोल अर्ध्या उंचीएवढा, ०.१ म्हणजे एक दशांश. १०८० ओळींच्या पडद्यावर सुमारे १०८ पिक्सेल. ९० अंशांचा आडवा दृष्टिकोन असेल तर अंतर असं निघतं:

```
अंतर = 1.78 × गोलाची त्रिज्या ÷ Screen Size
```

माझं जांभळाचं झाड १२ मीटर उंच आहे आणि गोलाची त्रिज्या ७ मीटर. १.७८ गुणिले ७ म्हणजे साधारण १२.४. म्हणून ०.५ ला झाड २५ मीटरवर बदलतं, ०.२२ ला ५७ मीटरवर आणि ०.०७ ला १७८ मीटरवर. मेश एडिटरमध्ये `Auto Compute LOD Distances` ची खूण काढली की हे आकडे हाताने भरता येतात. एडिटरच्या कोपऱ्यात `Current Screen Size` दिसतो, तो बरोबर असतो. पण एडिटरची खिडकी चौकोनी असेल तर तोच आकडा प्रत्यक्ष पडद्यापेक्षा जवळच्या अंतरावर येतो, त्यामुळे तिथे कॅमेरा मागे नेऊन अंतराचा अंदाज बांधू नये.

हिरड्याच्या झाडाने मला फार दिवस फसवलं. उतारावर खोड हवेत तरंगू नये म्हणून मॉडेल करताना मुळांकडचा भाग चार मीटर जमिनीखाली वाढवला होता. तो भाग कुणाला दिसत नाही, पण गोलात धरला जातो. त्रिज्या ७ ची ९ झाली आणि सगळे बदल २९ टक्के लांब गेले. अंतर २९ टक्के वाढलं की क्षेत्रफळ सुमारे ६५ टक्के वाढतं, म्हणजे तेवढी जास्त झाडं भारी एलओडीत अडकतात. मेश एडिटरमध्ये `Bounds` चालू करून गोल डोळ्यांनी पाहिला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. आता नवीन मेश आली की मी आधी तेच पाहतो.

आता मुख्य गोष्ट. पहिले दोन महिने मी एक झाड समोर ठेवून, मागेपुढे होत, बदल जाणवेनासा होईपर्यंत आकडे लावत होतो. एका झाडापुरते ते आकडे योग्यच होते. जंगलात मात्र झाडं वर्तुळाकार पट्ट्यांमध्ये येतात आणि बाहेरचा पट्टा फार झपाट्याने मोठा होतो. माझ्या जांभळाला चार पायऱ्या आहेत: १४,००० त्रिकोण, ५,५००, १,४०० आणि शेवटी चित्राचा पत्रा, म्हणजे इम्पोस्टर. दर ५० चौरस मीटरला एक झाड धरलं आणि कॅमेऱ्याला वर्तुळाचा पाव भाग दिसतो असं मानलं, तर २५ मीटरच्या आत जेमतेम १० झाडं येतात, म्हणजे १ लाख ४० हजार त्रिकोण. २५ ते ५७ मीटरमध्ये ४१ झाडं, सव्वादोन लाख. आणि ५७ ते १७८ मीटरमध्ये जवळपास ४५० झाडं, सव्वासहा लाख त्रिकोण!

मी मात्र आठवडाभर १४,००० चे ११,००० कसे होतील यासाठी पानं कापत होतो. त्यातून वाचले ३० हजार. त्याऐवजी इम्पोस्टरचा आकडा ०.०७ वरून ०.१ केला की बदल १७८ ऐवजी १२४ मीटरवर होतो, मधल्या पट्ट्यात ४५० ऐवजी १९० झाडं उरतात आणि साडेतीन लाख त्रिकोण वाचतात. सावल्यांसाठी हीच झाडं पुन्हा काढली जातात, त्यामुळे प्रत्यक्ष फायदा याहून मोठा होता. `stat RHI` मध्ये काढलेल्या त्रिकोणांचा आकडा दिसतो, आणि एलओडीच्या रंगांचा `Mesh LOD Coloration` मोड लावला की पट्टे जमिनीवर आखल्यासारखे दिसतात: पहिली पायरी पांढरी, मग लाल, हिरवी, निळी. पडदा हिरव्याने भरला असेल तर वेळ कुठे जातोय ते तिथेच कळतं.

इम्पोस्टर १२४ मीटरवर आणायचा तर तो १०८ पिक्सेलमध्ये पटायला हवा. इथे राजगडानेच अडवलं. पद्मावती माचीवरून समोर पाहताना एकमेकांना छेदणारे दोन उभे पत्रे चालून गेले. बालेकिल्ल्यावरून खाली पाहिलं तर अख्ख्या उतारावर कागदाच्या फुल्या उभ्या! वरून पाहताना उभ्या पत्र्याला रुंदीच नसते. मग ऑक्टाहेड्रल इम्पोस्टर केले. त्यात झाडाची अनेक दिशांनी चित्रं काढून एकाच टेक्श्चरमध्ये ठेवतात आणि मटेरियल कॅमेऱ्याच्या दिशेच्या जवळची चित्रं निवडून मिसळतं. टेक्श्चरची मेमरी वाढली, पण वरून बघताना झाडाचा घेर टिकला. ज्या दृश्यात उंचावरून खाली पाहायचं आहे, तिथे साध्या पत्र्यांवर वेळ घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मधल्या पायऱ्यांचा वेगळाच त्रास होता. अनरियलच्या आपोआप त्रिकोण कमी करण्याने खडक, तटबंदी, बुरूज उत्तम होतात. पानांची चित्रं लावलेल्या पत्र्यांवर ते भरवशाचं नाही: ते पत्रेच काढून टाकतं आणि दुसऱ्या पायरीला झाड पानगळ झाल्यासारखं विरळ दिसतं. आकडा कितीही बदला, ही उडी डोळ्याला दिसतेच, कारण झाडाचा गर्दपणाच बदललेला असतो. मी पुढच्या पायऱ्या हाताने केल्या, पत्रे कमी पण प्रत्येक पत्रा मोठा, म्हणजे पानांनी झाकलेलं एकूण क्षेत्र सारखं राहतं. तरीही लांबची झाडं विरळच वाटत होती. तो दोष टेक्श्चरचा निघाला. लांबून लहान मिप, म्हणजे टेक्श्चरच्या लहान आवृत्त्या, वापरल्या जातात, त्यात अल्फा, म्हणजे अपारदर्शकतेचा आकडा, पुसट होत जातो आणि मास्कच्या मर्यादेखाली गेलेली पानं गायब होतात. टेक्श्चरच्या `Alpha Coverage Thresholds` मध्ये मटेरियलच्या `Opacity Mask Clip Value` एवढाच आकडा, माझ्याकडे ०.३३३३, भरला आणि रान पुन्हा गर्द झालं. तपासायला हे दोन आदेश पुरतात. दुसऱ्याने सगळं पूर्ववत होतं:

```
foliage.ForceLOD 2
foliage.ForceLOD -1
```

जवळ उभं राहून पहिला आदेश द्यायचा आणि झाडाचा घेर व गर्दपणा मूळ झाडाशी ताडून पाहायचा.

बदल मऊ करण्यासाठी मटेरियलमध्ये `Dithered LOD Transition` आहे. जुनी पायरी ठिपक्या-ठिपक्यांनी विरते आणि नवी तशीच उमटते. ही खूण दोन्ही पायऱ्यांच्या मटेरियलवर हवी. माझ्या इम्पोस्टरवर ती राहून गेली होती आणि तेवढाच बदल झटका देत होता. बदल चालू असताना दोन्ही पायऱ्या काढल्या जातात, त्यामुळे वेगाने फिरणाऱ्या कॅमेऱ्याला त्याचा खर्च जाणवतो. ठिपके विरघळायला अनेक फ्रेम मिसळून चित्र मऊ करणारं टेम्पोरल अँटीएलायझिंग लागतं. एकाच फ्रेमवर चालणारं एफएक्सएए लावलं होतं तेव्हा झाडांवर जाळी स्पष्ट दिसत होती.

कड्यांबद्दल थोडक्यात सांगतो. सुवेळा माचीखालचा कडा मी २०० मीटरची एकच मेश म्हणून ठेवला होता. अंतर गोलाच्या मध्यापासून मोजलं जातं आणि १०० मीटर त्रिज्येला १.० हा आकडासुद्धा १७८ मीटरवर पोचतो. कड्याच्या आसपास कुठेही उभं राहिलं तरी कडा बहुतेक पहिल्याच पायरीत. ४० मीटरचे तुकडे केले, प्रश्न मिटला.

सगळ्यात त्रासदायक निघाली दुर्बीण. बालेकिल्ल्यावरून तोरणा पाहता यावा म्हणून दृष्टिकोन ९० वरून ३० अंशांवर येतो. स्क्रीन साइझ दृष्टिकोन धरूनच मोजतात, म्हणून सगळी बदलाची अंतरं ३.७३ पट लांब जातात. दिसणारा कोन तिसरा हिस्सा झाला तरी क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे भारी पायऱ्यांतली झाडं साडेचार पटींहून जास्त होतात. दुर्बीण लावताच चित्र अडखळायचं ते यामुळे. उलट झुडपं ज्यापुढे काढलीच जात नाहीत ते `Cull Distance` साधं अंतर असतं, सेंटिमीटरमध्ये, ते दुर्बिणीने बदलत नाही. म्हणून मोठी झालेली झाडं दिसतात आणि त्यांच्या बुंध्याशी कारवी नसते. आता दुर्बीण लागली की मी हे देतो:

```
foliage.LODDistanceScale 0.5
```

अंतरं निम्मी, झाडं पाव, आणि चित्र स्थिर. दुर्बीण काढली की परत १. इथे एक लक्षात ठेवा: साध्या स्टॅटिक मेशसाठीचा `r.StaticMeshLODDistanceScale` उलटा चालतो, त्यात आकडा वाढवला की तपशील लवकर गळतो. दोन्हींना ०.५ देऊन मी झाडं हलकी आणि बुरूज जड करून बसलो होतो.

जग तुकड्या-तुकड्यांनी लोड करणाऱ्या वर्ल्ड पार्टिशनची आमची लोडिंग रेंज २५६ मीटर आहे, त्यापलीकडे एचएलओडी, म्हणजे लोड न झालेल्या तुकड्यांच्या जागी दिसणारी हलकी आवृत्ती. झाडांसाठी `Instancing` प्रकार घेतला, कारण तो मेशची शेवटची पायरीच वापरतो, म्हणजे तोच इम्पोस्टर, आणि सीमेवर झाड बदलल्याचं कळत नाही. सावलीची सीमा मात्र अजून कळते. सकाळच्या तिरप्या उन्हात संजीवनी माचीच्या उतारावर लांब सावल्या एका रेषेपर्यंत येऊन थांबतात. सध्या मी तिथल्या प्रसंगाची वेळ दुपारकडे सरकवली आहे.